खाजकुयली, सर्पगंधा आणि मामाची डबल बेल

मामाच्या आजाराची पहिली खूण आईला दिसली ती त्याच्या सहीत. कुठल्याशा फॉर्मवर त्याने सही केली आणि आई म्हणाली, "अरे, एवढीशी का केलीस? मुंगीसारखी." मामा हसला. पहिलं अक्षर नेहमीएवढं होतं आणि पुढची बारीक बारीक होत गेली होती. मग काही महिन्यांनी लक्षात आलं, की चालताना त्याचा डावा हात हलत नाही. आम्ही त्यावरही विनोद केले. रिटायर झाल्यापासून साहेबासारखा ऐटीत चालतो म्हणालो. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला तेव्हा आम्हा सगळ्यांना ते विनोद आठवले.

मामा एसटीत कंडक्टर होता. पनवेल-पेण, पनवेल-अलिबाग अशा गाड्यांवर त्याची तीस वर्षं गेली. लहानपणी सुट्टीत त्याच्याबरोबर एखादी फेरी मारायला मिळाली की मी त्याच्याकडेच बघत बसायचो. खच्चून भरलेली गाडी, खाली खड्डे, आणि हा कमरेने सीटला टेकून उभा. डाव्या हातात तिकिटांचा ट्रे, उजव्या हाताने तिकीट फाडून पंच करायचं, सुट्टे मोजायचे, त्याच वेळी मागच्या बाईंना "ताई, वडखळ आलं की सांगतो" म्हणायचं आणि न बघता वर हात घालून दोरी ओढायची. टिण टिण. गाडी निघायची. वेबिलावर आकडे मात्र तो थांबून, नीट बघून लिहायचा. बाकी सगळं हातच करायचे.

आता शर्टाची बटणं लावायला त्याला दहा मिनिटं लागतात. बाथरूमच्या उंबरठ्याशी आला की पाय जमिनीला चिकटतात. जोर नाही असं नाही, पाय दाबून बघितला तर चांगला दणकट आहे. डॉक्टर म्हणाले, "जे आजवर आपोआप होत होतं, ते आता लक्ष देऊन करावं लागेल." घरी आल्यावर मामा बराच वेळ गप्प होता. मग मला म्हणाला, "इतकी वर्षं हे सगळं करत कोण होतं रे? मी तर नव्हतो."

या प्रश्नाचं उत्तर माणसाला सापडलं त्याची गोष्ट मला त्यानंतर वाचायला मिळाली. त्या गोष्टीत पनवेलच्या आसपासच्या माणसाला ओळखीची वाटतील अशी दोन झाडं आहेत आणि मुंबईतला एक डॉक्टरही आहे.

पनवेलला आयुर्वेदाची औषधं काही नवीन नाहीत. धूतपापेश्वरचा कारखाना इथे 1872 पासूनचा. मामाच्या घरात बाराही महिने एखादा काढा किंवा आसव असायचंच. सर्पगंधा हे नाव मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं. तिची मुळी डोकं शांत करायला आणि झोपेसाठी वापरतात हे वैद्यांना पूर्वीपासून माहीत होतं. मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जल वकील यांनी ती वाढलेल्या रक्तदाबासाठी रुग्णांवर पद्धतशीर वापरून पाहिली आणि 1949 साली ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले. तोवर रक्तदाबावर म्हणावं असं औषधच नव्हतं, त्यामुळे जगभरातल्या कंपन्यांचं लक्ष या मुळीकडे गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातला मुख्य घटक वेगळा काढला. त्याचं नाव रेसर्पिन.

रेसर्पिन खूप वापरलं गेलं, आणि मग डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. जास्त मात्रेवर असलेले काही रुग्ण हळू चालायला लागले, चेहरे निर्विकार झाले, हात कापायला लागले. म्हणजे त्यांना पार्किन्सन्ससारखंच काहीतरी झालं, आणि औषध थांबवलं की ते गेलं. ज्या आजारात मेंदूत नेमकं काय बिघडतं हे कोणालाच सांगता येत नव्हतं, तो आता एका गोळीने आणता येत होता.

स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे जागच्या जागी बसून राहिले, कान पडले. मग त्यांनी त्याच सशांना एल-डोपा नावाचं द्रव्य टोचलं. मेंदू त्यापासून डोपामिन तयार करतो. पंधरा मिनिटांत कान उभे राहिले आणि ससे हिंडू लागले. हे 1957 साल. तोवर डोपामिनला स्वतःचं काही काम असेल असं फारसं कोणी मानत नव्हतं, दुसरं एक रसायन बनताना वाटेत लागणारा टप्पा एवढीच त्याची ओळख होती. लगेच पुढच्या दोन वर्षांत असं दिसलं, की मेंदूतलं बहुतेक डोपामिन एकाच ठिकाणी साठलेलं आहे, ते म्हणजे स्ट्रायटम.

स्ट्रायटम मेंदूच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना असतो. थॉमस विलिस या इंग्लिश वैद्याने सतराव्या शतकात मेंदू कापून पाहिले तेव्हा त्याला तिथे राखाडी भागातून गेलेले पांढरे पट्टे दिसले, म्हणून त्याने लॅटिनमध्ये त्याला पट्टेरी म्हटलं. पुढची तीनेकशे वर्षं तो हालचालींशी संबंधित काहीतरी आहे, यापलीकडे फार कळलं नव्हतं.

व्हिएन्नात ओलेह होर्निकिविझ आणि हर्बर्ट एहरिंगर यांनी पार्किन्सन्सने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले. स्ट्रायटमचा तुकडा रसायनात घातला की डोपामिन असेल तर गुलाबी रंग यायचा. निरोगी माणसांच्या नमुन्यात तो आला. पार्किन्सन्सच्या नमुन्यात जवळपास आलाच नाही. कुठल्याही यंत्राची गरज नव्हती, डोळ्यांना दिसत होतं. हे त्यांनी 1960 मध्ये छापलं. पुढच्याच वर्षी होर्निकिविझ यांनी आपल्याकडचा एल-डोपा वॉल्टर बिर्कमायर या डॉक्टरांना दिला आणि त्यांनी तो रुग्णांना शिरेतून टोचला. अंथरुणावरून उठू न शकणारी माणसं थोड्या वेळासाठी उठून चालली. डोपामिनच का नाही टोचलं? कारण रक्तातून मेंदूत जायला ते अडतं. एल-डोपा मात्र आत जातो आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. 1967 मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोटझिआस यांनी तोंडाने घ्यायची मात्रा सावकाश, पण खूप वाढवत नेली आणि हा परिणाम दिवसभर टिकवून दाखवला. मामा आज जी गोळी घेतो तिचं मूळ हेच.

आता दुसरं झाड. कर्नाळ्याच्या बाजूला किंवा कोकणात कुठेही पावसाळ्यानंतर कुंपणावर चढलेला एक वेल दिसतो. जांभळी फुलं, मग शेंगा, आणि शेंगांवर सोनेरी मखमल. ती मखमल अंगाला लागली तर खाजवून खाजवून जीव नकोसा होतो. खाजकुयली. मामा शाळेत असताना त्याने ती मास्तरांच्या खुर्चीवर टाकली होती आणि त्याबद्दल भरपूर मार खाल्ला होता, ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक लग्नात सांगितली जाते. या खाजकुयलीच्या बियांमधून मद्रासच्या दोन संशोधकांनी 1937 मध्ये एल-डोपा वेगळा काढला होता. म्हणजे त्याचा उपयोग कशासाठी हे जगाला कळायच्या वीस वर्षं आधी. बीच्या वजनाच्या साधारण चार-पाच टक्के एल-डोपा त्यात असतो, वनस्पतीसाठी हे प्रमाण प्रचंड आहे. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बियांची पूड पार्किन्सन्सच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि 1978 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. परिणाम झाला, कारण आतलं द्रव्य तेच होतं.

मी हे मामाला सांगितलं तेव्हा त्याने लगेच विचारलं, की मग गावाहून शेंगाच का आणू नयेत. याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं. एका वेलाच्या बीत किती एल-डोपा आहे आणि दुसऱ्याच्या बीत किती, हे घरी कळत नाही. शिवाय गोळीत एल-डोपाबरोबर कार्बिडोपा असतं. ते एल-डोपाला मेंदूत पोचण्याआधीच वाटेत संपू देत नाही, म्हणून कमी मात्रेत काम होतं. चालू गोळीवर अंदाजाने पूड घेतली तर मात्रा दुप्पट होऊ शकते आणि मग अंग आपोआप वळवळायला लागतं. मामाने शेंगांचा नाद सोडला.

पण डोपामिन कमी आहे एवढ्याने त्याच्या प्रश्नाचं उत्तर होत नव्हतं. ते काम कोण करत होतं? हे कळायला उंदरांकडे जावं लागतं.

केंब्रिजमध्ये 1980च्या सुमाराला ख्रिस्तोफर अॅडम्स आणि अँथनी डिकिन्सन यांनी एक साधी युक्ती काढली. उंदराला दांडी दाबली की साखरेची गोळी मिळते. काही उंदरांना शंभर वेळा दाबू दिलं, काहींना पाचशे वेळा. मग दांडी काढून घेतली, साखरेची गोळी वेगळी खायला दिली आणि लगेच मळमळेल असं इंजेक्शन दिलं. दोन-तीनदा असं झाल्यावर कुठल्याच उंदराला ती गोळी नको झाली, समोर ठेवली तरी खाईना. आता दांडी परत ठेवली. शंभरवाले उंदीर फारसं दाबेनात. त्यांच्या दृष्टीने दांडी म्हणजे गोळी, आणि गोळी नको होती. पाचशेवाले मात्र दाबत राहिले. ज्या गोष्टीसाठी दाबायचं तीच नकोशी झालेली, पण दांडी दिसली की पंजा पुढे.

मला ही सवयीची सगळ्यात प्रामाणिक व्याख्या वाटते. एखादी गोष्ट आपण रोज करतो म्हणून ती सवय ठरत नाही. तिच्यातून मिळणारं हवंसं उरलेलं नसतानाही केवळ खूण दिसली म्हणून ती घडते, तेव्हा ती सवय. तुमच्या फोनवर हे करून बघता येईल. रोज उघडता ते अॅप दुसऱ्या पानावर हलवा. दोन दिवस अंगठा जुन्या जागेवरच जाईल, आणि तिथे काही नाही हे कळल्यावर आपण ते का उघडत होतो हे आठवायला क्षणभर लागेल.

नंतर 2004 मध्ये हेनरी यिन आणि सहकाऱ्यांनी काही उंदरांच्या स्ट्रायटमच्या वरच्या, बाहेरच्या बाजूचा छोटा भाग आधीच निकामी केला आणि मग त्यांना भरपूर सराव दिला. गोळी नकोशी झाल्यावर त्या उंदरांनी दांडी दाबणं कमी केलं. गोळी नको म्हटल्यावर दाबायचं कशाला, हा हिशेब त्यांना इतक्या सरावानंतरही करता येत होता. त्याच्या शेजारचा, आतल्या बाजूचा भाग निकामी केला तर उलटं झालं. म्हणजे 'कशासाठी' हे बघून केलेली कृती आणि 'खूण दिसली' म्हणून केलेली कृती, दोन्ही स्ट्रायटममधूनच जातात, पण वेगवेगळ्या जागांतून. सुरुवातीला पहिली जागा काम करते. पुनरावृत्ती होत जाते तसा कारभार दुसरीकडे सरकतो.

सरकताना आत काय होतं, हे अमेरिकेत अॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेने 1999 मध्ये दाखवलं. इंग्रजी टी अक्षरासारखा बोळ, मध्ये एक आवाज, त्यावरून डावीकडे की उजवीकडे ते ठरवायचं, शेवटी खाऊ. उंदराच्या स्ट्रायटममध्ये बारीक तारा बसवून पेशींची खळबळ मोजली. नवखा उंदीर असताना पेशी सगळ्या वाटेवर बोलत होत्या, वळणावर तर जास्तच. वाट अंगवळणी पडली तशी मधली खळबळ शांत झाली. पेशी निघताना बोलायच्या आणि पोचल्यावर बोलायच्या. मधली सगळी पावलं मिळून एक गाठोडं झालं होतं, ज्याला फक्त सुरुवात आणि शेवट होते.

मामाचं तिकीट असंच होतं. नोकरी लागली तेव्हा, तो सांगतो, पहिला आठवडा त्याचे सुट्टे चुकायचे, पंच बोटावर बसायचा आणि दोरी ओढायची राहायची. ड्रायव्हर वैतागायचा. मग कधीतरी हे सगळं एका दमात होऊ लागलं. कधी, ते त्याला सांगता येत नाही. ज्या दिवशी ते जमलं त्या दिवसाची नोंद मनात होत नाही, कारण जमणं म्हणजेच मनाला त्यातून सुट्टी मिळणं. डोपामिनचं काम या शिकण्यातही आहे. अपेक्षेपेक्षा बरं झालं की त्याची एक लाट स्ट्रायटममध्ये येते आणि आत्ता जे केलं त्याचे धागे घट्ट होतात. सगळं ठरल्यासारखं होऊ लागलं की कृतीच्या शेवटी लाट येत नाही, ती सुरुवातीच्या खुणेवर येते.

माणसांतला पुरावा मला सगळ्यात जास्त भावला. 1996 मध्ये बार्बरा नोल्टन, जेनिफर मँगल्स आणि लॅरी स्क्वायर यांनी दोन प्रकारचे रुग्ण बसवले. काहींची स्मृती गेलेली होती, काहींना पार्किन्सन्स होता. समोर पत्ते येणार आणि त्यावरून ऊन पडेल की पाऊस ते सांगायचं. पत्त्यांचा आणि हवामानाचा संबंध पक्का नव्हता, बहुतेकदा लागू पडणारा होता, त्यामुळे पाठांतर उपयोगी नव्हतं. हळूहळू अंदाज बसवायचा. स्मृती गेलेल्यांचे अंदाज सुधारत गेले, पण नंतर विचारलं तर आपण काय खेळलो हे त्यांना धड सांगता येईना. पार्किन्सन्सवाल्यांना खेळाची सगळी माहिती आठवत होती, पत्ते कसे होते, पडदा कसा होता. अंदाज मात्र सुधारले नव्हते. आठवणं आणि सवय लागणं ही डोक्यात दोन वेगळी खाती आहेत, आणि एक बुडालं तरी दुसरं चालू राहू शकतं.

आता मामाकडे परत. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या बुंध्याकडच्या काळसर पट्ट्यातल्या पेशी मरतात. डोपामिन तिथून स्ट्रायटमला जातं. पण पुरवठा सगळीकडे सारखा आटत नाही. होर्निकिविझ यांनीच सहकाऱ्यांबरोबर 1988 मध्ये दाखवलं, की स्ट्रायटमच्या मागच्या भागात डोपामिन जवळजवळ संपलेलं असताना पुढच्या भागात बरंच शिल्लक असतं. मागचा भाग म्हणजे बहुतांशी तोच, जिथे सवयींचा कारभार सरकलेला असतो. त्यावरून काही संशोधकांनी असं मांडलं, की या रुग्णाचं 'आपोआप' आधी जातं आणि 'ठरवून' बऱ्यापैकी उरतं. सगळा आजार यात बसत नाही. थरथर, ताठपणा, झोप, वास जाणं, त्यांची कारणं आणखी आहेत. पण मामाच्या चालण्याकडे बघितलं की हे मला पटतं.

कारण ठरवून केलं तर त्याला जमतं. उंबरठ्याशी तो अडतो, तेव्हा "चल ना" म्हणून उपयोग नसतो. चालणं हे त्याचं गाठोडं होतं, ते सुरूच होत नाही. पण जमिनीवर आडव्या रेघा असतील तर तो एकेक रेघ ओलांडत जातो, कारण आता ते चालणं राहत नाही, रेघ ओलांडणं होतं. फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावर आम्ही पॅसेजमध्ये पिवळी टेप पावलापावलावर चिकटवली. ती काम करते. फक्त त्या वेळी त्याच्याशी बोलायचं नाही. मामीने स्वयंपाकघरातून "दूध आणलं का?" विचारलं की तो उत्तर देतो आणि थांबतो. दोन्ही एकदम होत नाही. पनवेल-अलिबाग गाडीत पाच गोष्टी एकदम करणारा माणूस. लक्ष देऊन करायची वाट अरुंद असते, तिच्यातून एका वेळी एकच काम जातं, आणि दिवसभर प्रत्येक पाऊल त्या वाटेने न्यायचं म्हणजे संध्याकाळी तो दमून जातो. आम्ही आधी म्हणायचो, काही करत नाही तरी दमतो कसा. आता म्हणत नाही.

गोळीचा अंमल असेल तेव्हा हे बरंच सोपं होतं. ती जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, कारण डाळी-दुधातली प्रथिनंही आत जायला त्याच दारातून धडपडतात. अंमल उतरायच्या सुमाराला मामाला आधीच कळतं. "आता गाडी बंद पडणार," म्हणतो आणि खुर्ची जवळ ओढतो.

टेप सगळीकडे लावता येत नाही. वडाळे तलावावर संध्याकाळी फिरायला जायचं तर फाटकाशी अडतोच. मागच्या महिन्यात त्याची नात बरोबर होती, चौथीतली. तो फाटकात थिजला, मागे दोघं-तिघं खोळंबली. कोणी काही बोलायच्या आत तिने हात वर करून नसलेली दोरी दोनदा ओढली आणि ओरडली, "टिण टिण!"

मामाचा पाय उचलला गेला. फाटक ओलांडून तो दहा-बारा पावलं गेला, मग मागे वळून तिला म्हणाला, "आता एक बेल दे, बाकावर बसू."